पी-हॅकिंग कसं ओळखायचं: पॉवर पोझचा पेपर हातात घेऊन

प्रश्न: एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला दर आठवड्याला एक पेपर मांडायचा असतो. पी-हॅकिंग, सिलेक्टिव्ह रिपोर्टिंग हे शब्द ऐकलेत, पण पेपर समोर आला की सगळंच बरोबर वाटतं. वाचताना नेमकं कुठे बघायचं? स्टॅटिस्टिक्स बेताचंच येतं. आणि शंका आली तर वर्गात ती मांडायची कशी?

उत्तर:

मी बरीच वर्षं जर्नलला आलेल्या पेपरांचं स्टॅटिस्टिकल रिव्ह्यू करतेय, आणि अनुभव असा की खुणांची यादी पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण यादीतली खूण पेपरात कशी दिसते तेच माहीत नसतं. म्हणून एकच पेपर घेऊया आणि तो सावकाश वाचूया. असा पेपर ज्याच्या पहिल्या लेखिकेने नंतर स्वतःच सांगितलं की आत काय काय झालं होतं. अशी संधी फार क्वचित मिळते, एरवी आपण बाहेरून अंदाजच बांधत असतो.

त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, नाहीतर पुढचं सगळं बारीकसारीक खुसपट काढल्यासारखं वाटेल. पी ०.०५ पेक्षा कमी आला की आपण म्हणतो की प्रत्यक्षात काहीच फरक नसेल तर असा निकाल शंभरात पाचच वेळा आला असता. हे खरं, पण कधी? जेव्हा एकच टेस्ट करायची हे आधीच ठरलेलं असतं आणि ती एकदाच केली जाते तेव्हा. प्रत्यक्षात डेटा हातात आल्यावर संशोधकासमोर खूप वाटा असतात, दोन स्केलपैकी कुठलं घ्यायचं, अजून दहा माणसं घ्यायची का, जेंडर मॉडेलमध्ये टाकायचं का, तीन गटांपैकी एक सोडून द्यायचा का. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन या तिघांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं. खोटा, म्हणजे मुळात काहीच परिणाम नसलेला डेटा घेतला आणि वर सांगितल्यात तेवढ्याच चार सवलती एकत्र वापरल्या, तर 'सिग्निफिकंट' निकाल पाच टक्के नाही, जवळपास ६१ टक्के वेळा मिळाला. यातली एकही सवलत बेइमानी वाटत नाही हो, प्रत्येकीला त्या क्षणी चांगलं कारण असतं. गडबड एवढीच की शेवटी जी वाट लागू पडली तीच पेपरात येते, बाकीच्या वाटांवरून चालून आल्याचा उल्लेख राहत नाही. पी-हॅकिंग म्हणतात ते हेच.

आता पेपर. २०१० साली, त्याच 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये, डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांचा. हाच तो पॉवर पोझवाला, ज्याच्यावर नंतर २०१२ मध्ये टेड टॉक झालं आणि इंटरव्ह्यूच्या आधी बाथरूममध्ये जाऊन कंबरेवर हात ठेवून उभं राहा हा सल्ला जगभर पोचला, आपल्याकडच्या कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्येसुद्धा. प्रयोग साधा. ४२ माणसं, काहींना ऐसपैस ताकदवान वाटतील अशा दोन पोझ दिल्या, काहींना अंग चोरून घेतलेल्या दोन पोझ, प्रत्येक पोझ एक मिनिट. आधी आणि नंतर लाळेतून टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल मोजलं. शिवाय २ डॉलर देऊन विचारलं की हे ठेवून घेता की फासा टाकून ४ डॉलर मिळवायचा नाहीतर सगळे घालवायचा जुगार खेळता, जिंकण्याची शक्यता निम्मी निम्मी. आणि शेवटी किती 'पॉवरफुल' आणि किती 'इन चार्ज' वाटतंय हे १ ते ४ मध्ये विचारलं. निकाल सगळीकडे हवा तसाच आला, टेस्टोस्टेरॉन वाढलं, कॉर्टिसॉल घटलं, जुगार जास्त खेळले, ताकदवान वाटलं.

पहिल्यांदा थांबायचं ते ४२ या आकड्यावर. ४२ च का? ४० का नाही, ५० का नाही? पेपरात याचं कारण सापडत नसेल, म्हणजे आधी हिशोब करून एवढी माणसं लागतील असं ठरवलं होतं अशी ओळ नसेल, तर एक शक्यता मनात ठेवायची की मधेमधे डेटा उघडून बघितला गेला आणि निकाल जमला तिथे थांबले. २०१६ मध्ये कार्नी यांनी त्यांच्या वेबपेजवर एक जाहीर निवेदन टाकलं, त्यात म्हटलंय की माणसं टप्प्याटप्प्याने घेतली आणि प्रत्येक टप्प्याला परिणाम तपासला, साधारण आधी २५, मग १०, मग ७, मग ५. बेरीज करा, ४७ होतात. पाच जण नंतर वगळले. राहिले ४२. त्यांनी हेही प्रामाणिकपणे लिहिलंय की त्या काळी हे पी-हॅकिंग वाटतच नव्हतं, पैसे वाचवणं वाटायचं. मला हे पटतं, कारण तेव्हा बहुतेक लॅबमध्ये असंच चालायचं.

मधेच बघण्याने एवढं काय बिघडतं असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. पी-व्हॅल्यू ही डेटा वाढत जातो तशी वरखाली हेलकावे खात असते, परिणाम शून्य असला तरी कधीतरी ती ०.०५ च्या खाली डोकावते, आणि आपण दारात उभं राहून ती खाली येईपर्यंत वाट बघितली तर ती येण्याची शक्यता वाढतच जाते. वर सांगितलेल्या २०११ च्या पेपरातलाच आकडा आहे, प्रत्येक गटात १० माणसांपासून सुरू केलं आणि एकेक माणूस वाढवत ५० पर्यंत दर वेळी टेस्ट केली तर खोटा निकाल मिळण्याचं प्रमाण ५ वरून २२ टक्क्यांवर जातं. तसं मधे बघायला मनाई नाही, औषधांच्या चाचण्यांमध्ये बघतातच, पण तिथे किती वेळा बघणार हे आधी लिहून ठेवतात आणि दर वेळची मर्यादा ०.०५ पेक्षा कडक ठेवतात. पेपरात तसं काही दिसतंय का ते शोधायचं.

सॅम्पलच्या आकाराबद्दल अजून एक मोजपट्टी देते, मी स्वतः सारखी वापरते. पुरुषांचं वजन सरासरी बायकांपेक्षा जास्त असतं, हे डोळ्यांना दिसतं. सिमन्स वगैरे मंडळींनीच प्रत्यक्ष लोकांची वजनं विचारून हिशोब केला होता की एवढा ठळक फरकसुद्धा ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ४६ माणसं लागतात. मग प्रत्येक गटात वीसेक माणसं घेऊन दोन मिनिटं उभं राहण्याने हार्मोन बदलले असं कुणी दाखवत असेल तर तो परिणाम स्त्री-पुरुषांच्या वजनातल्या फरकापेक्षाही मोठा असायला हवा, नाहीतर तो एवढ्या माणसांत दिसला ही नशिबाची गोष्ट. छोटं सॅम्पल हा स्वतः पी-हॅकिंगचा पुरावा नाही. पण छोटं सॅम्पल आणि चारही मोजमापं सिग्निफिकंट हे जोडीने आलं की मी पेन्सिल उचलते.

आता सगळ्यात मजेशीर जागा, आणि इथे तुमचं बेताचं स्टॅटिस्टिक्स पुरेसं आहे. जुगाराचा निकाल पेपरात असा दिलाय की ताकदवान पोझवाल्यांपैकी ८६.३६ टक्के लोक जुगार खेळले, अंग चोरलेल्यांपैकी ६० टक्के, काय-स्क्वेअर ३.८६, पी ०.०५ पेक्षा कमी. यातून मूळ माणसं मोजून काढता येतात. ४२ मधून दोन गट, त्यातला एक असा हवा की त्याचे ८६.३६ टक्के म्हणजे पूर्ण माणसं येतील. २२ पैकी १९ म्हणजे बरोबर ८६.३६. उरले २०, त्यांचे ६० टक्के म्हणजे १२. झालं, पूर्ण टेबल हातात आलं: पहिल्या गटात १९ खेळले ३ नाही, दुसऱ्या गटात १२ खेळले ८ नाही. आता नेहमीचा, म्हणजे पिअर्सनचा काय-स्क्वेअर कॅलक्युलेटरवर करा:

```
42 × (19×8 − 3×12)² / (22 × 20 × 31 × 11) = 3.77
```

३.७७ येतो, ३.८६ नाही. आणि एका डिग्री ऑफ फ्रीडमला ०.०५ ची सीमा ३.८४ आहे, म्हणजे ३.७७ सीमेच्या अलीकडे राहतो, पी ०.०५२. मग ३.८६ आला कुठून? आर हे सॉफ्टवेअर असेल तर हे चालवून बघा:

```r
x <- matrix(c(19, 3, 12, 8), nrow = 2, byrow = TRUE)
chisq.test(x, correct = FALSE)
E <- chisq.test(x)$expected
G <- 2 * sum(x * log(x / E))
G
pchisq(G, df = 1, lower.tail = FALSE)
fisher.test(x)
```

`G` ३.८६ येतो. हा लाइकलीहूड रेशो काय-स्क्वेअर, एसपीएसएसमध्ये क्रॉसटॅब काढला की त्याच टेबलमध्ये पिअर्सनच्या खाली छापून येतो. त्याचा पी ०.०४९५. फिशरची टेस्ट केली तर ०.०८. कार्नी यांच्या निवेदनात हेच लिहिलंय, की एका टेस्टचा पी ०.०५२ होता आणि दुसरीचा ०.०५, आणि सगळे सहसा पिअर्सनच वापरत असूनही लहान आकडा छापला गेला. म्हणजे बघा, २०१० मध्येच कुणी वाचकाने पाच मिनिटं काढून हा हिशोब केला असता तर त्या निवेदनाची वाट न बघता दिसलं असतं की इथे दोन टेस्टमधून निवड झालीय, आणि निवड कुठल्या दिशेने झालीय तेही.

लाइकलीहूड रेशो ही चुकीची टेस्ट नाही हे लक्षात घ्या, पुस्तकात आहे, चांगली टेस्ट आहे. सगळा फरक ती कधी निवडली यात आहे, आकडे बघायच्या आधी की नंतर. आणि वाचक म्हणून माझ्यासाठी ०.०५२ आणि ०.०४९५ मध्ये खरं तर काहीच फरक नाही, दोन्ही तेवढेच कच्चे पुरावे आहेत. किती कच्चे ते बघायचं असेल तर एक खेळ करा, दुसऱ्या गटातल्या एका माणसाने मन बदललं आणि जुगार खेळला असं धरा, म्हणजे १२ च्या जागी १३ आणि ८ च्या जागी ७. पिअर्सनचा पी ०.०५२ वरून थेट ०.१० वर जातो. अख्खा निष्कर्ष एका माणसाच्या दोन डॉलरच्या निर्णयावर टांगलेला होता. छोट्या सॅम्पलचा प्रत्येक टक्केवारीवाला निकाल असा एक माणूस इकडचा तिकडे करून तपासायची सवय लावून घ्या, स्टॅटिस्टिक्सच्या कितीतरी लेक्चरपेक्षा यातून जास्त कळतं.

हार्मोनच्या निकालात वेगळी जागा आहे. टेस्टोस्टेरॉनला `F(1, 39) = 4.29` आणि कॉर्टिसॉलला `F(1, 38) = 7.45`. कंसातल्या दुसऱ्या आकड्यावर कुणी लक्ष देत नाही, पण तो किती माणसांचा डेटा वापरला त्यावर ठरतो, म्हणून एकाच प्रयोगात तो बदलला की समजायचं की या टेस्टमधून कुणीतरी गळलंय. इथे कारण पेपरातच तळटीपेत दिलंय, तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पलीकडचे म्हणून कॉर्टिसॉलचे दोघं आणि टेस्टोस्टेरॉनचा एक जण काढला. सांगितलंय हे चांगलं. तरी दोन प्रश्न उरतात आणि ते कुठल्याही पेपराला विचारायचे असतात. हा नियम डेटा बघायच्या आधी ठरला होता का, आणि त्या माणसांना परत घातलं तर निकाल टिकतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगले लेखक एका ओळीत देतात, 'सगळ्यांना धरूनही निष्कर्ष तोच'. ती ओळ नसेल तर ती का नसावी याचा विचार करायचा. आणि जास्त जपायचं ते वगळण्याच्या सैल कारणांना, 'सूचना पाळल्या नाहीत', 'लक्ष नव्हतं', 'प्रयोगाचा हेतू ओळखला'. कार्नी यांनी सांगितलेल्या त्या पाच जणांना वगळताना सूचना पाळल्या नाहीत अशीच कारणं होती. असं ठरवणाऱ्या माणसाला कोण कुठल्या गटातला आहे हे माहीत असेल, तर त्याचा हात नकळत एका बाजूला झुकतो. म्हणून पेपरात बघायचं की वगळणं कुणी केलं, कधी केलं, आणि दोन्ही गटांतून किती किती गेले.

आता न छापलेल्या मोजमापांकडे येते, कारण सिलेक्टिव्ह रिपोर्टिंग म्हणतात ते मुख्यतः हेच, आणि वाचकाला ते पकडणं सगळ्यात अवघड जातं. 'पॉवरफुल' आणि 'इन चार्ज', दोनच प्रश्न. सायकॉलॉजीचा कुठला अभ्यास भावना मोजताना दोनच प्रश्न विचारतो? विचारतात काही, पण साधारण माणूस लॅबमध्ये आलाच आहे तर दहा-पंधरा प्रश्न विचारून घेतात. निवेदनात आहे की ताकदीबद्दल बरेच वेगवेगळे प्रश्न विचारले होते आणि जे 'चालले' तेच घेतले. पेपर वाचून हे सिद्ध करता आलं नसतं, शंका मात्र घेता आली असती, कारण हे दोनच का याचं काही समर्थन नव्हतं आणि हे स्केल आधी कुणी वापरल्याचा संदर्भ नव्हता. तुम्हाला असं स्वतःच शिवलेलं स्केल दिसलं, किंवा प्रसिद्ध स्केलमधले दहापैकी सहाच प्रश्न वापरलेले दिसले, किंवा कट-ऑफ दर पेपरात वेगळा दिसला, की तिथे खूण करा.

हे किती सर्रास होतं याचा एक पक्का अंदाज आहे. अमेरिकेत टीईएसएस नावाचा कार्यक्रम आहे, संशोधकांनी प्रयोगाची प्रश्नावली आधी द्यायची आणि तो कार्यक्रम देशभरच्या सॅम्पलवर प्रयोग करून देतो. त्यामुळे नेमकं काय विचारलं गेलं याची नोंद तिसऱ्याच ठिकाणी राहते. फ्रँको, मल्होत्रा आणि सिमोनोव्हिट्स यांनी ती नोंद आणि छापलेले सायकॉलॉजीचे पेपर शेजारी ठेवून तुलना केली आणि २०१६ मध्ये छापलं, साधारण ४० टक्के अभ्यासांनी प्रयोगातले सगळे गट सांगितलेच नव्हते, आणि ७० टक्क्यांच्या आसपास अभ्यासांनी सगळी मोजमापं सांगितली नव्हती. छापलेले परिणाम न छापलेल्यांच्या जवळपास दुप्पट मोठे होते. म्हणजे पेपरात तीन मोजमापं दिसली की ती तीनच होती असं धरून चालणं हीच चूक.

आपल्याकडचे पेपर वाचताना एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. पेपर पीएचडीतून निघालेला असेल तर थीसिस बहुतेक शोधगंगा या ऑनलाइन थीसिस-संग्रहात सापडतो, त्यात शेवटी परिशिष्टात अख्खी प्रश्नावली असते आणि हायपोथिसिसची नंबरवार यादी असते. ती उघडून पेपराशेजारी ठेवा. मी एकदा कॉलेजच्या मुलांच्या झोपेवरचा एक पेपर असाच तपासला होता, थीसिसमध्ये सहा स्केल, पेपरात दोन, आणि गाळलेल्या चारही स्केलवर काही फरक नव्हता, थीसिसमध्ये तसं स्वच्छ लिहिलंही होतं. लेखकाने लपवलं असं मला नाही वाटलं, गाइड किंवा रिव्ह्यूअर म्हणाला असेल शब्द कमी करा, आणि कमी करताना काय जातं तर जे 'निघालं नाही' ते जातं. मॅनेजमेंटच्या क्षेत्रात ओबॉइल आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच थीसिसवर हेच मोजलं, थीसिसमध्ये दर एक फसलेल्या हायपोथिसिसमागे ०.८२ यशस्वी होत्या, तीच कामं जर्नलमध्ये छापून आली तेव्हा १.९४. माणसं तीच, प्रयोग तेच.

प्री-रजिस्ट्रेशन असेल, म्हणजे अभ्यासाची योजना आधीच नोंदवून ठेवलेली असेल, तर काम अजून सोपं, पण 'हा अभ्यास प्री-रजिस्टर्ड आहे' एवढं वाचून पुढे जाऊ नका, लिंक उघडा. ओएसएफ किंवा अ‍ॅजप्रेडिक्टेड या नोंदणीच्या साइटवरची तारीख डेटा गोळा करायच्या आधीची आहे का, मुख्य मोजमाप तेच आहे का, सॅम्पल तेवढंच आहे का, वगळायचा नियम तोच आहे का. चारच गोष्टी. आपल्याकडे थेरपी वगैरेची क्लिनिकल चाचणी असेल तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदणीवर हेच बघायचं, तिथे प्रायमरी आउटकम स्पष्ट लिहावा लागतो, आणि पेपरात भलतंच मोजमाप प्रायमरी म्हणून बसलेलं सापडलं तर ते लेखी पुराव्यासकट सापडलं. योजना बदलली आणि तसं पेपरात सांगितलं तर त्यात दोष काही नाही, तो तर चांगला पेपर. योजना मुळीच नसली की मी निष्कर्ष 'सापडलेला' समजते, 'तपासलेला' नाही.

एका पेपरात चार-पाच प्रयोग असतील तर अजून एक गोष्ट दिसते जी एका प्रयोगात दिसत नाही. सगळे पी एका ओळीत लिहून काढा. परिणाम खरा असेल आणि प्रयोग पुरेसा मोठा असेल, ८० टक्के पॉवरचा, म्हणजे खरा परिणाम शंभरात ८० वेळा पकडेल असा धरा, तर जे सिग्निफिकंट निकाल येतात त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश ०.०१ च्याही खाली असतात, आणि ०.०२५ ते ०.०५ या पट्ट्यात नवातला एखादाच पडतो. म्हणून ०.०३१, ०.०४४, ०.०२८, ०.०४७, ०.०३९ अशी ओळ दिसली तर ती खऱ्या परिणामाची चाल नाही, खरा परिणाम अधूनमधून ०.०००४ देतो आणि अधूनमधून ०.२० पण देतो. हीच दुसरी बाजू, पाचच्या पाच प्रयोग यशस्वी हा गुण नाही, ८० टक्के पॉवर असली तरी पाचही जमण्याची शक्यता ३३ टक्केच, आणि ५० टक्के पॉवर असेल तर ३ टक्के. एखादा फसलेला प्रयोग पेपरात दिसला तर माझा त्या पेपरावर विश्वास वाढतो, आणि हे मी मनापासून सांगतेय, रिव्ह्यूमध्येही तसंच लिहिते. शील, शायेन आणि लाकेन्स यांनी २०२१ मध्ये तुलना केली होती, नेहमीच्या सायकॉलॉजी पेपरांत पहिली हायपोथिसिस ९६ टक्के वेळा खरी निघते, आणि जिथे निकालाआधीच जर्नल पेपर स्वीकारतं त्या रजिस्टर्ड रिपोर्टमध्ये ४४ टक्के वेळा.

आता मर्यादा, कारण हे सगळं शिकल्यावर पहिले सहा महिने प्रत्येक पेपर खोटा वाटायला लागतो. एकट्या पी ०.०४ ने काहीच सिद्ध होत नाही, खऱ्या परिणामांनाही तो येतो. खुणा किती जमल्या हे बघायचं. पॉवर पोझमध्ये बघा, कारण न दिलेलं छोटं सॅम्पल, सीमेला चिकटलेला पी, वेगळीच टेस्ट, स्वतःचं दोन प्रश्नांचं स्केल, आणि तरी सगळंच यशस्वी. पाच एकत्र आल्या तेव्हा शंका भक्कम झाली. आणि शंका भक्कम झाली म्हणजे परिणाम नाहीच असंही नाही, त्यासाठी नवा डेटा लागतो. तो आला, २०१५ मध्ये रानेहिल आणि सहकाऱ्यांनी २०० माणसांवर प्रयोग केला, हार्मोनवर काही नाही, जोखीम घेण्यावर काही नाही, पण ताकदवान वाटतं असं लोकांनी सांगितलं. २०१७ मध्ये क्रेडे आणि फिलिप्स यांनी मूळचाच डेटा घेऊन वेगवेगळ्या वाजवी पद्धतींनी पुन्हा पुन्हा विश्लेषण केलं आणि निकाल पद्धतीवर फार अवलंबून असल्याचं दाखवलं. कडी यांनी मात्र दावा पूर्ण सोडलेला नाही, २०१८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ अभ्यासांचं विश्लेषण करून 'वाटण्या'पुरता परिणाम खरा आहे असं मांडलं. त्यातही एक खोच आहे, मूळ प्रयोगात साधं उभं राहिलेला तिसरा गटच नव्हता, त्यामुळे ऐसपैस उभं राहिल्याने बरं वाटतं की अंग चोरून बसवल्याने वाईट वाटतं हे त्या प्रयोगातून वेगळं करता येत नाही.

वर्गात मांडायचं कसं, ते सांगते. 'लेखकांनी पी-हॅकिंग केलंय' हे वाक्य वापरू नका, ते तुम्हाला माहीत नाही आणि माहीत असण्याचा मार्गही बहुतेक नाही. कार्नी यांच्यासारखं कुणी स्वतः लिहिलं तरच ते कळतं. त्याऐवजी हिशोब फळ्यावर मांडा: 'टक्केवारीवरून १९-३ आणि १२-८ असं टेबल निघतं, त्यावर पिअर्सनचा काय-स्क्वेअर ३.७७ येतो, पेपरात ३.८६ आहे जो लाइकलीहूड रेशोशी जुळतो, ही टेस्ट का निवडली ते पेपरात नाही, आणि एका माणसाचं उत्तर बदललं तर पी ०.१० होतो.' एवढं म्हणून थांबा. यावर सरांना किंवा कुणालाही रागवायला जागा राहत नाही, फार तर ते म्हणतील परत करून दाखव, आणि तेव्हा वरच्या सात ओळी चालवून दाखवायच्या.